अप्पासाहेब बेलवलकरांची घडण

व्यक्तिचित्रणाचा निबंध म्हणजे नाटकातल्या किंवा कादंबरीतल्या प्रमुख पात्राविषयीचा अभ्यासलेख. शाळा-महाविद्यालयांत तो बहुधा एकाच ठरलेल्या चालीने लिहिला जातो. पात्राचे गुण सांगायचे, मग दोष सांगायचे आणि प्रत्येकाला कथानकातला एखादा प्रसंग पुरावा म्हणून जोडायचा. नायक स्वाभिमानी होता, भोळा होता, थोडा तापट होता, असे त्याचे वळण असते. वाड्यातल्या कोणा वडीलधाऱ्या माणसाविषयी चार लोक जसे बोलतील, तसाच हा मजकूर असतो. दुसऱ्या प्रकारच्या निबंधात पात्र ही एक रचना धरली जाते, म्हणजे लेखकाने संवाद, प्रसंग, इतर पात्रे आणि न सांगितलेल्या गोष्टी यांतून उभी केलेली वस्तू. तिथे पात्र कसे आहे याची चर्चा होतेच, पण ते तसे कशामुळे दिसते आणि तसे दिसल्याने कलाकृतीचे काय साधते, हे शोधणे हे निबंधाचे मुख्य काम ठरते.

या दोन दृष्टींमधला वाद जुना आहे. ए. सी. ब्रॅडली या समीक्षकाचे शेक्सपियरच्या शोकांतिकांवरचे पुस्तक 1904 साली आले. त्यात हॅम्लेट, मॅक्बेथ, लिअर यांच्या मनांचा असा बारकाईने शोध घेतला आहे, की ती माणसे नाटकाबाहेरही जगत असावीत असे वाटावे. 1933 साली एल. सी. नाइट्स यांनी या प्रवृत्तीवर टीका करणारा निबंध लिहिला आणि त्याला मुद्दाम चेष्टेचे शीर्षक दिले : लेडी मॅक्बेथला मुले किती होती? हा प्रश्न नाटकापुरता निरर्थक आहे, कारण नाटकात जेवढे शब्द आहेत तेवढीच लेडी मॅक्बेथ आहे. त्यापलीकडे तिचे घर नाही आणि बाळंतपणेही नाहीत. ब्रॅडलींवर नाइट्स यांनी थोडा अन्याय केला असे मानायला जागा आहे, पण त्यांचा मुद्दा निबंध लिहिणाऱ्याच्या फार कामाचा आहे. संहितेत ज्याचे उत्तर मिळूच शकत नाही असा प्रश्न निबंधात शिरला, की लिहिणारा संहिता सोडून स्वतःची कादंबरी लिहू लागलेला असतो.

मराठीत या पद्धतीचा कस लागावा असे पात्र म्हणजे वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर, अर्थात अप्पा. धि गोवा हिंदु असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक डिसेंबर 1970 मध्ये रंगभूमीवर आणले आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा उभे केले. 1974 साली नाटकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अप्पांना खरे माणूस मानण्याचा मोह इथे दुप्पट होतो. एक तर अप्पांचे दुःख अनेक घरांच्या ओळखीचे आहे. दुसरे म्हणजे रंगमंचावर खरोखरच एक हाडामांसाचा माणूस उभा असतो. पण लागूंनंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही अप्पा केले. शरीर, आवाज, चाल सगळे बदलले आणि तरी अप्पा अप्पाच राहिले. नट बदलूनही जे टिकते ते संहितेत रचलेले असते, आणि निबंधाचा विषय तोच.

कथानक बहुतेकांना माहीत आहे. रंगभूमीवरून निवृत्त झालेला थोर नट आपली मालमत्ता मुलगा नंदा आणि मुलगी नलू यांना वाटून टाकतो आणि पत्नी कावेरीसह मुलाकडे राहू लागतो. तिथे सुनेशी खटके उडतात, म्हणून दोघे मुलीकडे जातात. मुलीच्या घरी पैसे हरवतात आणि संशय अप्पांवर येतो. तो पुढे खोटा ठरतो, पण तोवर मन मोडलेले असते. दोघे घराबाहेर पडतात, कावेरी मरण पावते, आणि एकटे उरलेले अप्पा रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या राजा या मुलाच्या आधाराने दिवस काढतात.

आता नेहमीच्या निबंधातला एखादा परिच्छेद पाहावा. तो साधारण असा असतो : ‘अप्पासाहेब अतिशय उदार आणि भोळे होते. आयुष्यभर नाटकात रमल्यामुळे त्यांना व्यवहार कळत नव्हता. म्हणून त्यांनी सगळी संपत्ती मुलांना देऊन टाकली. मुलांनी मात्र त्यांच्या प्रेमाची जाणीव ठेवली नाही.’ यातले एकही वाक्य सपशेल खोटे नाही. अडचण अशी, की ‘अप्पासाहेब’ या जागी शेजारच्या निवृत्त मास्तरांचे नाव घातले आणि ‘नाटक’ या जागी ‘शाळा’ घातली, तरी परिच्छेद तसाच चालू राहतो. कच्च्या मसुद्यातले वाक्य तपासायला ही अदलाबदल फार उपयोगी पडते. जे वाक्य कुणालाही लागू पडते, ते या पात्राच्या घडणीविषयी काहीच सांगत नसते. दुसरी खूण क्रियापदांत सापडते. ‘होते’, ‘कळत नव्हते’, ‘दिले’ असा भूतकाळ वापरला, की मजकुराला श्रद्धांजलीचा सूर लागतो. नाटकातली घटना प्रत्येक प्रयोगात नव्याने घडत असते. म्हणून ‘अप्पा वाटणी करतात’, ‘नाटक इथे त्यांना एकटे पाडते’ असा वर्तमानकाळ वापरावा. नुसते क्रियापद बदलले तरी लिहिणाऱ्याची नजर माणसावरून संहितेकडे वळते, हा अनुभव मराठी शिकवणाऱ्यांना नवा नसावा.

परिच्छेद दुरुस्त करायचा तर प्रश्न बदलावा लागतो. ‘अप्पांनी सगळे का देऊन टाकले?’ याऐवजी ‘नाटकाला ही वाटणी का लागते, आणि ती याच जागी का ठेवली आहे?’ असे विचारायचे. उत्तरासाठी पहिला धागा संहितेबाहेरचा, पण सर्वज्ञात आहे. वाटणीचा प्रसंग शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’शी नाते सांगतो. शिरवाडकरांनी आधी ‘मॅक्बेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले होते, तेव्हा ही सामग्री त्यांच्या हाताखालची होती. मात्र ‘हे लिअरवरून घेतले आहे’ एवढे सांगून थांबणारा निबंध तितकाच पोकळ असतो. उसनवारी कुठे बदलली आहे हे पाहिले, की रचना दिसू लागते.

लिअर आपल्या मुलींना प्रेमाची परीक्षा द्यायला लावतो. कोण माझ्यावर जास्त प्रेम करते ते बोलून दाखवा, असे फर्मावतो आणि तोंडपुज्या बोलांना भुलतो. त्याच्या दुर्दशेची सुरुवात त्याच्याच अहंकारातून होते. अप्पा अशी कसलीही परीक्षा घेत नाहीत. ते देतात आणि मोकळे होतात. या एका बदलाने दोषाचा तराजू कलतो. लिअरच्या बाबतीत प्रेक्षक काही काळ तरी राजावर चिडतो. अप्पांवर चिडायला नाटक फारशी जागा ठेवत नाही.

याहून मोठा बदल मुलांच्या संख्येत आहे. लिअरला तीन मुली आहेत आणि धाकटी कॉर्डेलिया सच्ची आहे. बेलवलकरांना दोनच मुले आहेत. कॉर्डेलिया गाळली आहे, पण निष्ठेचे तिचे काम नाटकाला हवेच आहे. ते काम इतरांत वाटले गेले आहे. लिअरला नाटकात पत्नी नाही, अप्पांना कावेरी आहे. विठोबा नोकर आहे आणि शेवटी राजा आहे. म्हणजे अप्पांच्या बाजूने उभी राहणारी मोठी माणसे रक्ताच्या नात्याबाहेरची आहेत. पोटची मुले दूर आणि परके जवळ, ही मांडणी कोणाच्या स्वभावातून आपोआप उगवलेली नाही. पात्रांची यादी ठरवतानाच ती ठरली आहे. पोटच्या पोरांची कृतघ्नता हेच नाटकाचे सार असे जे प्रेक्षकाला वाटते, त्याचे मूळ या यादीत सापडते.

इथपर्यंत आल्यावर वरचा परिच्छेद नव्याने लिहिता येतो : ‘अप्पांची वाटणी लिअरच्या वाटणीसारखी दिसते, पण नाटक तिच्यातून प्रेमाची परीक्षा काढून टाकते आणि सच्च्या मुलीलाही जागा देत नाही. त्यामुळे अप्पांचा दोष पुसट होतो आणि निष्ठा कुटुंबाबाहेर सरकते. पुढे राजाच्या रूपाने अनोळखी पोर त्यांचे आप्त होते, त्याची तयारी या पहिल्या प्रसंगातच झालेली असते.’ या परिच्छेदात शेजारच्या मास्तरांचे नाव घालता येत नाही. ‘उदार’ आणि ‘भोळे’ ही विशेषणे गेली आहेत, पण प्रेक्षकाला अप्पा उदार आणि भोळे का वाटतात, याचे कारण हाती आले आहे.

यानंतर पाहायची ती पात्राची भाषा. कादंबरीत निवेदक पात्राविषयी काही सांगू शकतो. नाटकात पात्र जवळजवळ संपूर्णपणे बोलण्यातून घडते. अप्पांच्या तोंडी दोन बोल्या आहेत. एक घरगुती : कावेरीला ‘सरकार’ म्हणून चिडवणारी, गमत्या, मधूनच रांगडी. दुसरी रंगभूमीवरची : लांब वाक्यांची, उपमांनी भारलेली, समोर भरलेले नाट्यगृह असावे अशा सुरात चढत जाणारी. निबंध लिहिण्याआधी संहितेची एक प्रत घेऊन या दोन बोल्यांवर दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा कराव्यात आणि एक बोली सोडून दुसरी कुठे सुरू होते त्या जागा टिपाव्यात. काम कंटाळवाणे आहे, पण निबंधाचा निम्मा कच्चा माल त्यातच मिळतो. घरगुती बोलीला समोर ऐकणारे माणूस लागते, आणि ते माणूस बहुतेक वेळा कावेरी असते, हे अशा खुणांवरून लक्षात येते. तिच्या मृत्यूने अप्पांचा आधार तुटतो, हे कुणीही सांगेल. रचनेच्या नजरेने पाहणारा त्यात एक भर घालतो : तिच्याबरोबर अप्पांची एक बोलीच संपते. उरते ती रंगभूमीची बोली, आणि ती ऐकायला आता नाट्यगृह नाही. घर मागणारे ते प्रसिद्ध स्वगत इतके बोचते, त्यामागे हेही एक कारण आहे. लाख टाळ्यांसाठी घडवलेली वाणी आता आडोसा मागायला वापरावी लागते आहे.

स्वगतांविषयी आणखी एक साधी नोंद करावी. दीर्घ स्वगते अप्पांच्या वाट्याला आली आहेत. नंदाला, नलूला, सुनेला आपले मन एकांतात प्रेक्षकांपुढे उघडण्याची तशी संधी मिळत नाही. सुनेची बाजू अगदीच खोटी नाही. आजोबांच्या वागण्या-बोलण्याचा मुलीवर परिणाम होतो, ही तक्रार कुठल्याही घरात ऐकू येईल. पण ती बाजू भांडणाच्या सुरात येते आणि अप्पांची बाजू काव्याच्या. ज्याला स्वगत मिळते त्याच्याकडे प्रेक्षकाची सहानुभूती झुकते, आणि इथे ती कोणाकडे झुकावी हे लेखकाने ठरवले आहे. पैशांच्या संशयाचा प्रसंगही असाच काम करतो. सुनेशी झालेल्या खटक्यांत दोन्ही बाजूंना थोडेफार म्हणता येते. चोरीचा आळ मात्र धडधडीत खोटा आहे आणि तो लाडक्या लेकीच्या घरी येतो. त्यामुळे आधीच्या प्रसंगांत उरलेली दुविधा पुसली जाते. अप्पांवर अन्याय झाला हे सांगणारे निबंध पुष्कळ असतात. तो अन्याय इतका निर्विवाद कसा करून ठेवला आहे, हे सांगणारा निबंध क्वचितच भेटतो.

पात्राच्या घडणीत संहितेने मोकळ्या सोडलेल्या जागाही मोडतात. अप्पांचे बालपण, त्यांचे शिक्षण, मुले लहान असताना दौऱ्यावरचा बाप घरी किती असे, याविषयी नाटक फारसे काही सांगत नाही. नाइट्स यांनी ज्याची टर उडवली तो मोह नेमका इथे गाठतो. दौऱ्यांमुळे मुलांकडे दुर्लक्ष झाले, म्हणून मुले दुरावली, असा तर्क आकर्षक आहे आणि घरोघरच्या अनुभवाला पटतोही. पण तो लिहिणाऱ्याचा तर्क आहे, नाटकाचा नव्हे. निबंधात त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवायचे आणि ती मोकळी राहिल्याने काय होते ते सांगायचे. या नाटकात तिथे भूमिकांची यादी येते. सीझर, ऑथेल्लो, हॅम्लेट हे शेक्सपियरचे नायक आहेत. प्रतापराव ‘त्राटिके’तले आणि सुधाकर गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तले. अप्पा आपली ओळख सांगतात ती या नावांच्या रांगेत स्वतःचे नाव जोडून. म्हणजे या पात्राचा भूतकाळच दुसऱ्या नाटकांचा बनलेला आहे. खऱ्या माणसाचे चरित्र असे असू शकत नाही, पात्राचे असते. गणपतराव हे नावही जुन्या रसिकाला गणपतराव जोशांची आणि त्यांच्या गाजलेल्या हॅम्लेटची आठवण करून देते. ते नाव शिरवाडकरांनी याच हेतूने ठेवले, असा दावा करण्याचे कारण नाही. नाव वाचताना काय जागे होते एवढे सांगितले तरी पुरते. अप्पा नेमक्या कोणत्या नटावरून बेतले, हा प्रश्न चरित्रकाराकडे सोपवावा.

इतकी सामग्री जमल्यावर निबंधाला एक दावा लागतो आणि तो एका वाक्यात मांडता यायला हवा. ‘या निबंधात अप्पासाहेबांच्या व्यक्तिरेखेचा अभ्यास केला आहे’ हा दावा नव्हे, ती सूचना झाली. वरच्या निरीक्षणांवरून दावा असा बांधता येईल : ‘अप्पांना घर आणि रंगमंच या दोन्ही गोष्टी एकाच हालचालीत सोडायला लावून नाटक कौटुंबिक कृतघ्नतेच्या गोष्टीत प्रेक्षक गमावलेल्या नटाची गोष्ट मिसळते.’ याच्याशी कुणीतरी असहमत होऊ शकते, आणि तेच त्याच्या दावा असण्याचे लक्षण. निवृत्ती आणि वाटणी पाठोपाठ येतात ही त्यामागची पहिली साक्ष. बोल्यांचे निरीक्षण दुसरी, भूमिकांची यादी तिसरी. संशयाचा प्रसंग मात्र या दाव्यात नीट बसत नाही, त्याचे काम सहानुभूतीच्या तराजूशी आहे. मेहनतीने टिपलेली नोंद गाळायला जीव होत नाही, तरी ती गाळावी किंवा दावाच बदलावा. सगळ्या नोंदी कोंबलेला निबंध पुन्हा गुणदोषांच्या यादीसारखा दिसू लागतो. फरक इतकाच, की ‘स्वाभिमान’ आणि ‘भोळेपणा’ यांच्या जागी ‘भाषा’ आणि ‘मौन’ अशी मथळ्यांची नावे येतात.

कोणत्या संहितेविषयी लिहिले जात आहे हेही सांभाळावे लागते. महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ चित्रपट 2016 साली आला. त्यात नाना पाटेकर अप्पा आहेत आणि विक्रम गोखले त्यांचे नट-मित्र रामभाऊ. रामभाऊ मूळ नाटकात नाहीत, ते चित्रपटासाठी घातले आहेत. अनेक विद्यार्थ्यांनी चित्रपट पाहिलेला असतो आणि नाटक चाळलेले असते, म्हणून रामभाऊ निबंधात हमखास शिरतात. ही चूक केवळ माहितीची नाही. चित्रपटातल्या अप्पांसमोर तोलामोलाचा नट आहे. त्यांच्या नटपणाची पारख करणारे, त्यांना तोंडावर सुनावणारे कोणीतरी आहे. नाटकातल्या अप्पांसमोर तसे कोणी नाही. त्यांच्या थोरवीची साक्ष मुख्यतः त्यांचीच वाणी देते. एक पात्र वाढवले की नायक बदलतो, म्हणून हे दोन अप्पा एक मानून चालत नाही. दोघांची तुलना करणारा स्वतंत्र निबंध मात्र जरूर लिहिता येतो, आणि पात्र ही रचना आहे हे पटवायला त्याहून सोपा रस्ता नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहे. पात्राचे सगळे सांधे उकलून दाखवले आणि प्रेक्षागृहात लोक का रडतात याचा उल्लेखच राहिला, तर निबंध कोरडा आणि अपुरा ठरतो. अप्पा माणूस वाटतात ही वस्तुस्थिती आहे आणि रचनेचे ते सर्वांत मोठे यश आहे. रडू येणे हा प्रेक्षकाचा भाबडेपणा समजून त्याला हसणारे निबंधही लिहिता येतात, पण त्यांच्या हाती काही लागत नाही. रडू कुठल्या वाक्याला येते ते शोधायचे आणि त्या वाक्याच्या आगेमागे काय ठेवले आहे ते पाहायचे. समारोपात नव्याने गुणगान करण्याची गरज उरत नाही. दाव्याने ज्या प्रसंगावर नवा प्रकाश पडतो, तो एक प्रसंग घेऊन तिथे थांबता येते. वरच्या दाव्यासाठी ती जागा राजाची आहे. राजा अप्पांच्या मदतीला येतो तेव्हा निराधार म्हाताऱ्याला आसरा मिळतो आणि पदरी कोणी न उरलेल्या नटाला ऐकणारे एक माणूस मिळते. ही दोन कामे एकाच पात्राकडे का दिली, याचे उत्तर लिहून झाले की निबंध पुरा होतो.